चार चमचे पाण्याची बर्फी

अर्धा किलो खवा, दीडशे ग्रॅम साखर, एक कढई आणि एक उलथनं. खव्याच्या साध्या पांढऱ्या बर्फीला याहून जास्त काही लागत नाही. तरीही पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून ती बहुधा दोनपैकी एका वाटेनं बिघडते. एक तर ताटात थापलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशीही सुरीला चिकटत राहतं आणि वड्या पडतच नाहीत. नाही तर ते घट्ट होण्याची वाट बघता बघता बुडाला लागतं आणि सगळ्या खव्याला करपट वास येतो. गंमत अशी की एका बिघाडाची भीती दुसरा बिघाड घडवते. लागेल या धास्तीनं लवकर उतरवलं तर बर्फी आळत नाही, आणि आळावी म्हणून आच वाढवली तर लागते.

यातून बाहेर पडायचं तर कढईत नेमकं काय घडवायचं आहे, ते आधी समजून घ्यायला हवं. बर्फी शिजवायची नसते. दूध आटवून खवा झाला तेव्हाच ते काम उरकलेलं असतं. आपल्याला फक्त पाणी घालवायचं असतं, आणि तेही अगदी थोडं.

हिशेब करून बघू. घट्ट, हातात धरल्यावर आकार न सोडणाऱ्या खव्यात साधारण 30 टक्के पाणी असतं. म्हणजे 500 ग्रॅम खव्यात 150 ग्रॅम पाणी आणि 350 ग्रॅम दुधाचा कोरडा ऐवज: लोणी, प्रथिनं, दुधातली साखर. त्यात आपण 150 ग्रॅम साखर घालतो. कोरडा ऐवज झाला 500 ग्रॅम. नीट वड्या पडतील आणि तरीही जिभेवर कोरडी लागणार नाही अशा बर्फीत पाणी 15 टक्क्यांच्या आसपास असतं. तेव्हा तयार बर्फी भरते साधारण 590 ग्रॅम. कढईत गेलं 650, बाहेर आलं 590. मधले 60 ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. मापाच्या मोठ्या, 15 मिलिलिटरच्या चमच्यानं मोजलं तर फक्त चार चमचे. गॅससमोर उभं राहून जो काही हात दुखवून घ्यायचा, तो या चार चमच्यांसाठी.

आता खवा बदलून बघा. बाजारात जो मऊ, ओलसर, बोट लावलं की खड्डा पडणारा खवा मिळतो, त्यात पाणी 38-40 टक्क्यांपर्यंत असू शकतं. 38 धरलं तर अर्ध्या किलोत 190 ग्रॅम पाणी आणि 310 ग्रॅम कोरडा ऐवज. साखर धरून 460. त्याची बर्फी होणार साधारण 540 ग्रॅम, म्हणजे 110 ग्रॅम पाणी घालवायला लागणार. जवळजवळ दुप्पट. पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘दहा मिनिटं परता’. तो आकडा लिहिणाऱ्याच्या खव्याचा असतो, तुमच्या नव्हे. म्हणून बर्फीच्या कृतीतल्या मिनिटांवर माझा फारसा विश्वास नाही. खाली मीही मिनिटं दिली आहेत, ती फक्त अंदाजासाठी.

पाणी एवढं थोडं, मग अडचण कुठे येते? आच खालून लागते आणि वाफ वरून जाते, इथे. पातळ दुधात हे आपोआप जमतं. तळाचं तापलेलं दूध वर येतं, वरचं खाली जातं. घट्ट खव्यात अशी हालचाल होत नाही. तळाचा थर तिथेच बसून राहतो. त्याच्यात पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या थोडाच वर असतो, कारण येणारी सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. त्या पातळ थरातलं पाणी संपलं की मात्र त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. तापमान भराभर चढतं, दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून आधी बदामी आणि मग तपकिरी होतात, आणि थर कढईला घट्ट धरतो. एकदा धरला की तो हलत नाही आणि जळत राहतो. वरचा खवा त्या वेळी अजून ओलाच असू शकतो. ‘अजून घट्टही झालं नव्हतं आणि लागलं कसं?’ या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

म्हणजे ढवळण्याचं काम मिसळणं हे नाहीच. तळाचा थर कोरडा पडायच्या आत उचलून वर आणायचा आणि त्याच्या जागी ओला खवा जाऊ द्यायचा, एवढंच त्याचं काम. हे ध्यानात आलं की भांडं, हत्यार आणि हाताची चाल, तिन्हींची निवड सोपी होते.

कढई जाड बुडाची हवी, कारण पातळ बुडात ज्योतीच्या वर्तुळाखाली तेवढाच पट्टा तापतो आणि खवा तिथेच लागतो. जाड ॲल्युमिनियमची किंवा नॉनस्टिक कढई पहिल्या वेळेला सर्वांत बरी. लोखंडी कढईत हलवाई करतात, पण घरी त्यात रंग काळपट येण्याची भीती असते. स्टीलची पातळ कढईच घरात असेल तर खाली जुना तवा ठेवा, आच पसरते. अर्ध्या किलोला साधारण 24 सेंटिमीटर तोंडाची कढई पुरते. फार मोठी घेतली तर खव्याचा थर पातळ पसरतो आणि कडा हाताबाहेर सुकतात. इंडक्शनच्या शेगडीवर बुडाचा मधला गोल पट्टाच तापतो, म्हणून तिथे जाड सपाट बुडाचं भांडं आणि सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवरची आच घ्यावी.

हत्याराच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते. आमटीचा डाव किंवा गोल चमचा घेतला जातो. गोल चमचा तळाला एका टिंबावर टेकतो आणि एका फेरीत दोऱ्याएवढी रेघ साफ करतो. बाकीचा तळ तसाच राहतो. सपाट, सरळ धारेचं लाकडी उलथनं घ्या, नाही तर उष्णता सोसणारा सिलिकॉनचा कालथा. त्याची पूर्ण धार तळाला टेकली पाहिजे. कढईचं बूड गोलसर असेल तर सिलिकॉनचा कालथा वाकून बसतो, म्हणून तो जास्त सोयीचा.

आणि चाल गोल नको. गोल गोल ढवळताना उलथनं एकाच वर्तुळातून फिरतं. मधला ठिपका आणि बुडाची कड तशीच राहते, आणि ज्योत नेमकी मध्ये. त्याऐवजी उलथनं पलीकडच्या कडेला टेकवा आणि तळ घासत आपल्याकडे ओढा, आलेला खवा उचलून वर उलटा. मग त्याच्या शेजारचा पट्टा, मग त्याच्या शेजारचा. तीन-चार ओढींत सगळा तळ होतो. एखाद वेळा कडेनं एक फेरी घाला आणि परत पट्टे. वेग लागत नाही, खंड पडता कामा नये इतकंच. फोन वाजला तर आधी गॅस बंद करा आणि मग उचला.

आता खवा. म्हशीच्या दुधाचा घ्या. गाईच्या दुधाचा खवा पिवळसर, चिकट आणि जास्त ओलसर असतो; त्याचा पेढा छान होतो, पण बर्फी तितकी कापून निघत नाही. बर्फीला घट्टपणा देण्यात दुधातल्या लोण्याचा मोठा वाटा आहे, आणि म्हशीच्या दुधात ते जास्त. खवा घेताना चिमूटभर तळहातावर चोळून बघा. हाताला तुपाचा स्निग्धपणा आणि गोडसर वास आला पाहिजे, आंबूस वास अजिबात नको. पिठाची भेसळ असेल तर असा खवा तापवल्यावर खळीसारखा होऊन तळाला धरतो आणि तुम्ही कितीही नीट ढवळलं तरी लागतो. शंका आली तर थोडा खवा पाण्यात उकळून गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा रंग आला तर पीठ आहे. बीड-धाराशिवकडे, कुंथलगिरीच्या परिसरात खव्याचा मोठा धंदा आहे. तिकडचा ताजा खवा मिळत असेल तर तोच घ्या.

दुधापासूनच सुरुवात करण्याचा मोह पहिल्या वेळी टाळावा, असं माझं मत आहे. अर्धा किलो खव्याला म्हशीचं अडीच लिटर दूध आटवावं लागतं. त्यात तासभर जातो आणि खरी परीक्षा सुरू व्हायच्या आधीच हात थकतो.

खवा किसणीवर किसून घ्या किंवा हातानं पूर्ण मोकळा करा. गुठळी राहिली तर ती आतून ओली राहते आणि बाहेरून सुकते. बर्फीत ती पांढऱ्या टणक दाण्यासारखी दाताखाली येते. फ्रीजमधला खवा असेल तर तो आधी तासभर बाहेर ठेवा. ताटाला तुपाचा हात आधीच लावून ठेवायचा. 18 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी डबा किंवा ताटली घेतली तर या मापाची बर्फी दीड सेंटिमीटर जाड बसते. वेलदोड्याची पूड, पिस्त्याचे काप हाताशी असू द्या. शेवटच्या दोन मिनिटांत कपाट उघडायला सवड नसते.

कढई मंद आचेवर ठेवा, लहान शेगडीवर. किसलेला खवा घाला आणि पट्ट्यांची चाल सुरू करा. आधी तो मोकळाच राहतो, मग मिनिट-दोन मिनिटांत मऊ पडून एकजीव होतो आणि चकाकायला लागतो. पहिल्यांदा करणारा इथे दचकतो, कारण घट्ट होण्याऐवजी मिश्रण पातळ झालेलं दिसतं. घाबरायचं कारण नाही; लोणी वितळलं आहे, दुसरं काही नाही. पाच-सहा मिनिटांनी वाफ दिसू लागते, खवा जड होतो आणि उलथन्यावरून एका गोळ्यात सरकतो. वास कच्च्या दुधाचा न राहता उकळत्या बासुंदीचा येतो. रंग मात्र जेमतेम मलईचा झालेला असावा. पांढरी बर्फी हवी असेल तर इथे थांबायचं. बदामी, खमंग बर्फी हवी असेल तर आणखी चार-पाच मिनिटं परतता येतं, पण पहिल्या वेळी तो नाद नको. बदामी आणि करपट यांच्यातलं अंतर कमी आहे.

आता कढई शेगडीवरून खाली उतरवा. गॅस बारीक करणं पुरेसं नाही, उतरवाच. खवा दोनेक मिनिटं निवू द्या, मग साखर पसरून घाला आणि खालीच नीट मिसळा. याला कारण आहे. तापत्या कढईत साखर ओतली की काही दाणे थेट बुडापर्यंत जातात आणि तिथे पाणी नसेल तर वितळून तपकिरी होतात. बर्फीत दिसणाऱ्या बारीक तपकिरी ठिपक्यांपैकी बरेच खव्याचे नसून साखरेचे असतात. मिसळलेली साखर खव्यातलं पाणी पिऊन विरघळते आणि मिश्रण पुन्हा सैल, जवळजवळ ओतण्याजोगं होतं. पिठीसाखर घेतली तर हे लवकर होतं. दाणेदार साखरेला थोडा वेळ लागतो, पण घरी मिक्सरमध्ये वाटून घेतलेली साखर सर्वांत चांगली. विकतच्या पिठीसाखरेत कधी मक्याचं पीठ घातलेलं असतं, आणि पीठ तळाला धरतं हे वर आलंच आहे. साखर 150 ग्रॅम म्हणजे खव्याच्या 30 टक्के. दुकानातली बर्फी मला बहुधा याहून गोड लागते. 25 टक्क्यांखाली मात्र जाऊ नका, कारण साखर फक्त चवीला नसते, वडी धरायलाही तिचा हात असतो.

कढई पुन्हा मंद आचेवर. इथून पुढची आठ-दहा मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची. मिश्रण भुगभुग उकळू लागेल, जाड बुडबुडे फुटतील आणि शिंतोडे उडतील. साखरेचे गरम शिंतोडे हाताला चिकटतात आणि भाजतात. लांब दांड्याचं उलथनं आणि पूर्ण बाह्या असलेल्या बरं. बुडबुडे येत आहेत याचा अर्थ पाणी आहे आणि पाणी आहे तोवर तळ धोक्यात नाही, फक्त चाल चालू हवी. बुडबुडे विरळ होऊ लागले, आवाज कमी झाला, की सावध व्हायचं. पाणी संपत आलं आहे आणि तळाचा थर आता काही सेकंदांत सुकतो. इथे आच आणखी कमी करायची. बहुतेक जण इथेच घाईला येऊन ती वाढवतात.

मिश्रण झालं की नाही हे ओळखायच्या खुणा घरोघरी सांगतात, त्यांतल्या काही भरवशाच्या आहेत. मिश्रण कढईच्या कडेनं सुटू लागतं आणि उलथन्यामागे गोळा होऊन येतं. तळावर उलथन्यानं रेघ ओढली की ती लगेच भरून येत नाही, क्षणभर कढईचं बूड दिसत राहतं. कढईच्या वरच्या कडेला उडालेल्या थेंबांवर पांढरी कोरडी पापडी धरते. या तिन्ही खुणा ‘आता जवळ आलं’ असं सांगतात. पण गरम मिश्रण फसवतं. त्यातलं लोणी वितळलेलं असतं, म्हणून योग्य पाण्याची बर्फीही कढईत सैलच दिसते. नेमकं उत्तर गार झाल्यावरच मिळतं. म्हणून गॅस बंद करून वाटाण्याएवढं मिश्रण स्टीलच्या गार ताटलीवर टाका, अर्ध्या मिनिटानं उचलून बोटांत वळा. चिकटून पसरलं तर अजून एक-दोन मिनिटं परता. मऊ गोळी वळली, बोटांना न चिकटता आकार धरून राहिली, आणि वरची चकाकी जाऊन ती मंद दिसू लागली, की झालं. गोळीला चिरा पडल्या तर पाणी थोडं जास्त गेलं आहे. परीक्षा करताना गॅस बंद ठेवण्याचा कंटाळा करू नका. त्या अर्ध्या मिनिटात बर्फी पुढे जाऊन बसते.

ज्यांच्या घरी वजनकाटा आहे त्यांच्यासाठी याहून पक्की खूण आहे, आणि ती घरात फारशी कोणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं. सुरुवातीलाच रिकामी कढई आणि उलथनं एकत्र तोलून आकडा लिहून ठेवा. समजा 1,240 ग्रॅम भरले. खवा आणि साखर धरून ते 1,890 होणार. घट्ट खवा असेल तर 1,830 च्या आसपास येईपर्यंत परतायचं आहे, मऊ खवा असेल तर 1,780 पर्यंत. खुणा दिसू लागल्या की कढई उतरवून काट्यावर ठेवा, उलथनं आत असू द्या. गरम कढई थेट काट्यावर ठेवायची नाही. खाली लाकडी पाट ठेवा आणि त्याचं वजन आधीच वजा करा. खव्यात पाणी किती हे आपल्याला नेमकं ठाऊक नसतं, म्हणून काटा जागा दाखवतो आणि शेवटचा निकाल गोळी देते. दोन्ही जुळले की पुढच्या वेळी त्याच दुकानाचा खवा घेतल्यावर नुसत्या काट्यावर काम भागतं.

वेलदोडा पूड घाला आणि लगेच ताटात ओता. जाड कढई गॅस बंद केल्यावरही तापलेली असते आणि आतलं पाणी काढत राहते. ओतताना कढईच्या कडेची पांढरी पापडी खरवडून मिसळू नका; ती कोरडी साखर आहे आणि बर्फी रवाळ करते. तुपाचा हात लावलेल्या वाटीच्या बुडानं थापून सारखी करा, पिस्त्याचे काप वरून हलकेच दाबा.

आळण्याचं खरं काम आता सुरू होतं, आणि ते कढईत होत नसतं. गार होताना दुधातलं लोणी गोठतं, साखरेचा काही भाग बारीक कणांच्या रूपानं परत येतो, आणि प्रथिनांच्या जाळ्यात हे सगळं बसतं. याला वेळ लागतो. अर्ध्या-पाऊण तासानं, बर्फी कोमट असताना सुरीनं रेघा मारून ठेवा. वड्या मात्र तीन-चार तासांनी काढा. 18 सेंटिमीटरच्या ताटलीत तीन-तीन सेंटिमीटरच्या छत्तीस वड्या बसतात. लवकर व्हावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. लोणी गोठून ती वरवर घट्ट दिसते, बाहेर काढली की हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि वडी चिकट होते. मग कळत नाही की बर्फी कच्ची होती की ओली झाली.

चार तासांनीही चिकटतच असेल तर ती कच्ची आहे. सगळी परत कढईत काढा, मंद आचेवर मऊ होऊ द्या, त्याच पट्ट्यांच्या चालीनं आणखी परता आणि पुन्हा गोळी बघा. यात काहीही वाया जात नाही. उलट, भुगा पडत असेल आणि कडेला तूप सुटून साचलं असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त गेलं आहे. भुगा कढईत घेऊन दोन मोठे चमचे दूध घाला, अगदी मंद आचेवर एकजीव करा आणि लगेच थापा. दोन्ही बिघाड दुरुस्त होतात, आणि लवकर उतरवलेली बर्फी सहज दुरुस्त होते. तेव्हा शंका असेल तर लवकर उतरवण्याच्या बाजूला राहावं.

करपलेलं मात्र दुरुस्त होत नाही, फक्त वाचवता येतं, आणि तेही वेळीच. परतताना उलथनं एका जागी अडखळायला लागलं, तळ खडबडीत लागला, की तिथे थर धरला आहे. पहिला आवेग तो खरवडून काढायचा असतो. तेच करायचं नाही. खरवडला की करपलेले कण सगळीकडे पसरतात, आणि दुधातलं लोणी करपट वास ओढून घेतं. गॅस बंद करा, तळाला हात न लावता वरचं मिश्रण दुसऱ्या भांड्यात ओता, थोडं चाखून बघा. वास आला नसेल तर स्वच्छ कढईत पुढचं काम करा. आला असेल तर वेलदोडा-केशर घालून लपवायचा प्रयत्न करू नका, लपत नाही. फिकट बदामी पातळ साय तळावर सरकत असेल तर ते करपणं नव्हे. ती सहज सुटते आणि मिसळून जाते.

पांढरी बर्फी जमली की लोक लगेच आंबा बर्फीकडे वळतात, आणि तिथे कढई हमखास लागते. कारण पुन्हा पाण्याच्या हिशेबातच आहे. शंभर ग्रॅम आमरसात साधारण 80 ग्रॅम पाणी असतं. म्हणजे अर्ध्या किलो खव्यात वाटीभर रस घातला की घालवायचं पाणी 60 वरून 140 ग्रॅमवर गेलं, वेळ दुपटीहून जास्त लागला, आणि रसातली साखर तळाला जास्त धरते. उपाय सरळ आहे. रस आधी वेगळ्या भांड्यात निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवून घ्या आणि तो आटवलेला रस साखरेबरोबर घाला. पातळ रसाला खपतील अशा आचेवर खवा टिकत नाही, म्हणून दोघांना वेगळं आटवायचं. सीताफळ, अंजीर, काहीही ओलं घालायचं असेल तरी नियम हाच.

पहिल्या वेळी माप मात्र वरचंच ठेवा. पाव किलो खवा 24 सेंटिमीटरच्या कढईत इतका पातळ पसरतो की हात पोचायच्या आत सुकतो, आणि एक किलो परतायला हातात जोर लागतो. अर्धा किलो घ्या, आच बारीक ठेवा, आणि तयार बर्फी उन्हाळ्यात दोन दिवसांत, एरवी तीन-चार दिवसांत संपवा.